रोजे, स्टिरॉइडची गोळी आणि निजलेली ग्रंथी

रमजान जवळ आला की घराघरांत औषधांची पिशवी उघडून बसण्याची वेळ येते. कोणती गोळी सहरीला, कोणती इफ्तारनंतर आणि कोणती महिनाभर बाजूला ठेवायची, याची वाटणी होते. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आता बरेच लोक डॉक्टरांना विचारू लागले आहेत. पण त्याच पिशवीत एक छोटी गोळी असते आणि ती कुणाला न विचारताच सोडली जाते. घरात तिला कुणी 'दम्याची गोळी' म्हणते, कुणी 'सांध्यांची', कुणी 'ताकदीची'. तिचे खरे नाव स्टिरॉइड. ती महिनोनमहिने घेतलेली असेल आणि एक दिवस एकदम बंद केली, तर धडधाकट दिसणारे माणूस चार-आठ दिवसांत अतिदक्षता विभागात पोहोचू शकते. असे का होते आणि ही गोळी सोडायची कशी, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

आधी गोळी ओळखू या. पाकिटावरचे ठळक नाव कंपनीने दिलेले असते, त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते. तिथे प्रेडनिसोलोन, मिथाइल प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, डेक्सामिथासोन किंवा बीटामिथासोन यांपैकी काही छापलेले असेल, तर ती स्टिरॉइडची गोळी आहे. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, मेड्रॉल ही नावे तर अनेकांच्या तोंडी असतात. यांची ताकद सारखी नसते. प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमचे काम मिथाइल प्रेडनिसोलोनचे ४ मिलिग्रॅम करते आणि डेक्सामिथासोनचे तर पाऊण मिलिग्रॅमच. म्हणून "माझी गोळी अर्ध्याच मिलिग्रॅमची आहे, तिने काय होणार" हा हिशेब फसवा आहे.

आता शरीरात काय चालते ते पाहू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते, तिला ॲड्रिनल म्हणतात. ती रोज कॉर्टिसॉल नावाचा रस तयार करून रक्तात सोडते. रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी साखर खाली जाऊ न देणे, ताप किंवा अपघात झाला तर शरीराला सावरणे ही त्याची कामे. पहाटे, साधारण सहरी आणि फजरच्या सुमारास, कॉर्टिसॉल चढत जाते आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. ॲड्रिनलला हुकूम येतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून. रक्तात कॉर्टिसॉल कमी झाले की पिट्युटरी संदेश पाठवते, पुरेसे झाले की संदेश थांबवते. विहिरीवरची मोटार टाकी भरली की बंद होते, तसेच.

स्टिरॉइडची गोळी म्हणजे याच कॉर्टिसॉलची कारखान्यात बनवलेली, जास्त जोरकस भावंडे. शरीर दिवसभरात स्वतः जेवढे कॉर्टिसॉल बनवते, त्याची बरोबरी प्रेडनिसोलोनच्या साधारण ४ ते ६ मिलिग्रॅमशी होते. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या रक्तात गरजेच्या कितीतरी पट माल बाहेरून येत असतो. पिट्युटरीला टाकी कायम भरलेली दिसते. ती संदेश पाठवणे बंद करते, आणि महिनोनमहिने संदेशच न आल्याने ॲड्रिनलचा रस बनवणारा भाग आक्रसून जातो. ती मेलेली नसते, निजलेली असते. पण तिला जागे व्हायला वेळ लागतो. आधी पिट्युटरी शुद्धीवर येते, मग तिच्या संदेशांनी ॲड्रिनल हळूहळू भरू लागते. काहींना यासाठी काही आठवडे लागतात, काहींना सहा महिने, वर्ष किंवा त्याहूनही अधिक.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट पुस्तकातून कळली नाही, माणसे गमावून कळली. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण १९५२ मध्येच डॉक्टरांच्या नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत छापून आली. संधिवातासाठी तो काही महिने कॉर्टिसोन घेत होता. सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी औषध थांबवले गेले, शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला आणि तो पुन्हा वर आलाच नाही. शवविच्छेदनात त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या.

आपल्याकडे असे कसे घडते हे समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. माणसे आम्ही कल्पिलेली आहेत, पण घडणारी प्रत्येक गोष्ट दवाखान्यांत दिसते तशीच आहे. शाहूवाडी तालुक्यातले मलकापूर. आंबा घाटाकडून येणारा धुवाधार पाऊस, चार महिने भिंतींना ओल. घरातल्या खालाबींचे वय ५६. दोन वर्षांपासून दोन्ही हातांचे सांधे सकाळी आखडतात, सुजतात. मुलाने त्यांना कोल्हापूरला दाखवले. तज्ज्ञांनी संधिवाताचे मुख्य औषध सुरू केले आणि त्याचा गुण येईपर्यंत आधार म्हणून रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिले. चिठ्ठीवर लिहिले होते, "दोन आठवडे, मग पुन्हा दाखवा, डोस कमी करायचा आहे."

तिसऱ्याच दिवशी खालाबींच्या मुठी मिटू लागल्या. गोळीचा असा गुण आल्यावर पुन्हा तास-दीड तास एसटीत बसून कोल्हापूरला कोण जातो? तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून गोळ्या येत राहिल्या. मुख्य औषध महाग वाटले, त्याचा गुण लगेच दिसत नव्हता, म्हणून ते सुटले. राहिली ती प्रेडनिसोलोनची गोळी, रोज एक, आठ महिने.

या आठ महिन्यांत शरीराने खुणा दिल्या होत्या, पण प्रत्येक खुणेचा अर्थ वेगळाच लावला गेला. चेहरा गोल झाला, गाल भरले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "तब्येत सुधारली." दंडावर जरा काही लागले तरी निळे-जांभळे डाग उमटू लागले, कारण कातडी पातळ झाली होती. नमाजमध्ये सजद्यातून उठताना त्यांना जमिनीला हात टेकावा लागू लागला आणि पुढे त्या खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या. सगळ्यांना वाटले गुडघे गेले, पण गुडघे दुखत नव्हते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने मांड्या आणि नितंबांचे स्नायू अशक्त होतात. माणूस सपाट रस्त्यावर ठीक चालतो, पण खाली बसले की त्याला उठवत नाही. दुखल्याशिवाय उठणे अवघड होणे ही आमच्या मते घरच्यांनी सर्वांत आधी हेरावी अशी खूण आहे, कारण आपल्या घरांत ती दिवसातून पाच वेळा डोळ्यांसमोर येते.

साखरेचीही अशीच फसगत झाली. गावात शिबिर होते, तिथे त्यांची उपाशीपोटी साखर पाहिली, ती ठीक निघाली. पण सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी, रात्रभरात ती पुन्हा उतरते. म्हणून या गोळीवर असणाऱ्याने दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहिली पाहिजे. हाडे ठिसूळ होतात ती तर मोडेपर्यंत कळतच नाहीत. रोजची गोळी तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल, तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावे. मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी डोळेही दाखवावेत. शिवाय ही गोळी जंतुसंसर्गाची चाहूल दाबून ठेवते. आत क्षयरोग डोके वर काढत असला तरी ताप फारसा येत नाही. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्यावी.

रमजान आला. खालाबींच्या भाचीने कुठेतरी ऐकले होते की चेहरा या गोळीने सुजतो आणि स्टिरॉइड वाईट असते. खालाबींनाही वाटले, महिनाभर पोटाला आराम तसा औषधालाही. पहिल्या रोज्यापासून गोळी बंद.

दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखे वाटू लागले, भूक मेली. घरचे म्हणाले, सुरुवातीचे रोजे आहेत. पाचव्या दिवशी तरावीहला उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. सहाव्या दिवशी इफ्तारला खजूर आणि पाणी घेतले तेही उलटले. रात्री पोटात दुखू लागले, जुलाब झाला, ॲसिडिटीची गोळी दिली. सातव्या दिवशी सहरीला त्या नीट जाग्याच होईनात, बोलणे असंबद्ध. जवळच्या दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब ८० वर ५० आणि साखर ५८ होती.

इथे थोडे थांबून पाहू. गोळी सोडल्यावर त्रास तीन प्रकारचा होऊ शकतो आणि त्यांत गल्लत होते. पहिला म्हणजे मूळ आजार उसळणे. तेव्हा आजाराची स्वतःची खूण दिसते, सांधा सुजतो किंवा छाती घरघरते. दुसरा म्हणजे शरीराची जास्त डोसची सवय सुटताना होणारी अंगदुखी, मरगळ, उदासी. यात रक्तदाब चांगला असतो आणि हे त्रास हळूहळू ओसरतात. तिसरा म्हणजे कॉर्टिसॉलची खरीखुरी टंचाई. उलट्या, उभे राहिल्यावर चक्कर, रक्तदाब आणि साखर दोन्ही खाली, गुंगी. हाच जीवघेणा असतो. घरात तो ओळखायचा एक साधा मार्ग आहे. माणूस पाच मिनिटे झोपलेला असताना रक्तदाब मोजा, मग उभे करून मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला आणि माणूस ही गोळी सोडलेला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. ज्याला उभेच राहवत नाही, त्याला मोजमाप न करता थेट न्यावे.

खालाबींच्या बाबतीत निर्णय फिरला तो मुलाच्या एका वाक्यावर. डॉक्टर अतिसारासाठी सलाइन लावत होते तेव्हा तो म्हणाला, "सांध्यांची गोळी आठ महिने चालू होती, रमजानपासून बंद केली." डॉक्टरांनी पाकीट मागवले आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले, सलाइनबरोबर ग्लुकोजही दिले आणि पुढच्या उपचारासाठी कोल्हापूरला पाठवले. या अवस्थेत रक्ततपासणीच्या अहवालासाठी थांबायचे नसते, आधी इंजेक्शन. ते गरज नसताना एकदा दिले गेले तर नुकसान नगण्य, गरज असून राहिले तर जीव जातो. काही तासांत रक्तदाब वर आला आणि दुसऱ्या दिवशी खालाबी घरच्यांना नावाने हाक मारू लागल्या.

गोळी कायमची सोडायची तर होतीच, पण आता जिना उतरल्यासारखी, पायरीपायरीने. आधी संधिवाताचे मुख्य औषध पुन्हा सुरू झाले, कारण आजार ताब्यात नसताना स्टिरॉइड कमी केले की सांधे पुन्हा सुजतात आणि सगळे मुसळ केरात जाते. प्रेडनिसोलोन काही दिवस २० वर ठेवून १५ केले, दोन आठवड्यांनी साडेबारा, मग १०. वरच्या डोसवरून उतरताना पायऱ्या मोठ्या चालतात, कारण तोवर शरीराच्या गरजेपेक्षा जास्त औषध मिळतच असते. खरी कसोटी १० च्या खाली. तिथून साडेसात, चार आठवड्यांनी ५. प्रत्येक पायरीनंतर दोन-चार दिवस अंग दुखले. त्यांना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे घाबरून कुणी डोस वाढवला नाही. रक्तदाब मात्र रोज मोजला जात होता.

पाचावर आल्यावर थांबायचे आणि ग्रंथी जागी झाली का ते विचारायचे. त्यासाठी सकाळी आठच्या सुमारास रक्तातले कॉर्टिसॉल मोजतात. आदल्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची आणि तपासणीच्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, म्हणजे मध्ये चोवीस तासांचे अंतर पडते. नाहीतर प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजले जाऊन आकडा खोटा चढू शकतो. आकडा साधारण १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असे धरतात. ५ च्या खाली असेल तर ती अजून निजलेली आहे, त्याच डोसवर काही महिने थांबायचे. मधला आकडा आला तर थोडे थांबून पुन्हा तपासायचे किंवा आणखी एक खास चाचणी करायची. खालाबींचा पहिला आकडा ३.६ आला. तीन महिने ५ वरच ठेवले. मग एक दिवस ५, एक दिवस अडीच अशी आलटून पालटून. पुढच्या वेळी ७.४, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी ११.८. तेव्हा कुठे गोळी सुटली. घेतली होती आठ महिने, सोडायला जवळजवळ तितकेच लागले.

हे आकडे म्हणजे नुसखा नव्हे. किडनीच्या, त्वचेच्या, दम्याच्या रुग्णाच्या पायऱ्या वेगळ्या असतात. शेजारणीचा कागद पाहून कुणी स्वतःची गोळी कमी करू नये.

रोज्यांबद्दल वाचक विचारतीलच. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला सवलत दिली आहे. रोजे नंतर पुरे करता येतात आणि ज्याला ते शक्यच नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. ही सवलत घेणे म्हणजे ईमानात कमतरता, असा समज आपल्या घरांत, विशेषतः वडीलधाऱ्या बायकांत, खोलवर आहे. त्यावर डॉक्टरांपेक्षा मशिदीतल्या इमामसाहेबांचे दोन शब्द जास्त काम करतात. रमजानआधी त्यांना ते सांगायला लावावेत असे आम्हाला वाटते. ज्यांचा आजार स्थिर आहे आणि दिवसातून एकदाच प्रेडनिसोलोन आहे, त्यांना बहुधा सहरीनंतर गोळी घेऊन रोजा ठेवता येतो. तरी हे डॉक्टरांशी महिनाभर आधी ठरवावे. ज्यांची ग्रंथी निजलेली आहे आणि जे दिवसातून दोन-तीनदा हायड्रोकॉर्टिसोन घेतात, त्यांना धोका मोठा आहे. रोजात चक्कर, उलटी किंवा गुंगी आली तर त्याच क्षणी रोजा सोडून साखरपाणी आणि गोळी घ्यावी आणि दवाखाना गाठावा. दम्याच्या पंपातले स्टिरॉइड गोळीच्या मानाने फार कमी असते, ते बंद करू नये. सकाळ-संध्याकाळचा पंप सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतो. दिवसा दम लागला तर पंपाच्या मसल्यावर वाद न घालता तो घ्यावा, कजाचा प्रश्न मुफ्तीसाहेबांना नंतर विचारावा.

हे वाचून कुणी उलट टोकाला जाऊ नये. पाच-सात दिवसांचा कोर्स सहसा एकदम संपवता येतो. तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतले असेल तर ग्रंथी निजत नाही असे धरले जाते. कोविडमध्ये ऑक्सिजनवर असलेल्यांना डेक्सामिथासोनचे रोज ६ मिलिग्रॅम जास्तीत जास्त दहा दिवस द्यायचे ठरले होते, आणि त्याने अनेकांचे प्राण वाचले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मात्र ऑक्सिजनची गरज नसलेल्यांनाही जास्त डोस, जास्त दिवस दिला गेला. साखर अनियंत्रित असलेल्यांत काळ्या बुरशीचा आजार पसरला आणि महाराष्ट्रात हजारो लोक त्याच्या तावडीत सापडले. तेव्हापासून 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकला की लोक गोळी फेकून देतात. भीती योग्य ठिकाणाची आहे, पण तिने सुचवलेला उपाय चुकीचा आहे.

ज्यांना आपण स्टिरॉइड घेतो हे ठाऊकच नाही, त्यांची अडचण आणखी वेगळी. सांधेदुखी किंवा दम्यावरची बिननावाची पुडी दोन दिवसांत चमत्कार दाखवत असेल, भूक वाढत असेल, चेहरा भरत असेल, तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. अशी पुडी महिनोनमहिने घेतली असेल तर ती फेकण्याआधी डॉक्टरांकडे घेऊन जा, नुसती फेकली तर खालाबींसारखी गत होईल. गोरे होण्याच्या किंवा गजकर्णाच्या मलमांतही स्टिरॉइड असते आणि वर्षानुवर्षे मोठ्या भागावर चोळले तर तेही रक्तात उतरते.

दीर्घकाळ गोळी घेणाऱ्याने, आणि सोडून वर्ष न उलटलेल्यानेही, खिशात एक कार्ड ठेवावे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहावे: औषधाचे नाव, डोस, कधीपासून, कधी कमी केले, डॉक्टरांचा फोन. खाली एक ओळ, "उलट्या, बेशुद्धी, अपघात किंवा शस्त्रक्रिया असल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्या." ताप आला, दात काढायचा ठरला, कसलेही ऑपरेशन निघाले तर कार्ड आधी दाखवावे, कारण अशा वेळी डोस तात्पुरता वाढवावा लागू शकतो. गोळी उलटून पडत असेल तर ती पोटात टिकत नाही, मग इंजेक्शनच हवे. उमरा किंवा हजला जाणाऱ्यांनी गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात, निम्म्या हातातल्या पिशवीत, निम्म्या सोबत्याकडे, आणि परतीच्या तारखेपेक्षा दोन आठवड्यांच्या जास्त. बॅग विमानात अडकली तरी सकाळची गोळी चुकता कामा नये.